शेल्फवरची बाटली बदलली, स्केल बरोबर केलं, तरी ती चिकटवल्यासारखीच का दिसत होती

काम ऐकायला एकदम छोटं होतं. एका ब्रँडचा शेल्फचा फोटो आधीच काढून झालेला, त्यात मधल्या फळीवर त्यांची जुनी उंच बाटली, आणि आता पॅकिंग बदललं म्हणून त्याच जागी नवी बुटकी, जाड बाटली दाखवायची. शूट परत करायचं नाही, बाकीचं शेल्फ जसंच्या तसं ठेवायचं. नव्या बाटलीचा रेफरन्स म्हणून त्यांनी पांढऱ्या बॅकग्राउंडवरचा पॅकशॉट दिलेला. माझ्याकडे आलं तेव्हा एका डिझायनरने पहिलं व्हर्जन करून झालं होतं आणि क्लायंटचा शेरा होता, "बाटली लहान वाटतेय आणि चिकटवल्यासारखी दिसतेय." आता यात दोन वेगळ्या तक्रारी आहेत हे आधी लक्षात घ्या. लहान वाटणं हा स्केलचा प्रश्न, आणि चिकटवल्यासारखं दिसणं हा बहुतेक वेळा पर्स्पेक्टिव्हचा, पण लोक दुसऱ्यासाठी लगेच सावली गडद करायला आणि कलर मॅच करायला धावतात.

लहान का वाटत होती ते लगेच सापडलं. जुन्या बाटलीच्या दोन्ही बाजूला दुसरे पॅक होते आणि त्यांच्यामधली फट १९५ पिक्सेलची. पहिल्या व्हर्जनमध्ये नवी बाटली त्या फटीत बसेल इतकी बारीक करून ठेवलेली. म्हणजे साइज ठरवली कुणी, तर फटीने. बाटलीची खरी मापं काय आहेत हे कुणी विचारलंच नव्हतं.

मग मापं मागवली. जुनी बाटली २२० मिमी उंच, ७० मिमी व्यासाची. नवी १८० मिमी उंच, ८५ मिमी व्यासाची. इथे एक गोष्ट नक्की विचारून घ्यायची, ती म्हणजे उंची झाकणासकट आहे का. पॅकिंगच्या ड्रॉइंगवर कित्येकदा नुसत्या बाटलीची उंची असते, झाकण वेगळं दिलेलं असतं, आणि मग वीसएक मिमीचा घोळ होतो जो नंतर कुठल्याच सेटिंगने सुटत नाही. आमच्याकडे १८० झाकणासकट होती.

फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, फोनवर काढलेला, न कापलेला. जुनी बाटली फोटोत मोजली तर उंची ५५० पिक्सेल. ५५० भागिले २२०, म्हणजे एका मिलिमीटरला अडीच पिक्सेल. ही आपली पट्टी, पण ती फक्त त्या अंतरावर, म्हणजे फळीच्या पुढच्या ओळीत चालते हे विसरायचं नाही. या पट्टीने नवी बाटली ४५० पिक्सेल उंच आणि साधारण २१२ पिक्सेल रुंद यायला हवी. आता पहिल्या व्हर्जनशी ताडून बघा, तिथे १९५ रुंदीत बसवल्यामुळे उंची ४१४ च्या आसपास आलेली, म्हणजे १८० ची बाटली १६५ ची झाली होती. आठ टक्के. आठ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं पण शेजारी ओळखीचे पॅक असले की बघणाऱ्याला नक्की काय चुकलंय ते सांगता आलं नाही तरी खटकतं, आणि ज्याने ती बाटली रोज हातात घेतलीये त्या क्लायंटला तर लगेच.

आणि हो, २१२ ची बाटली १९५ च्या फटीत बसणारच नाही. खऱ्या शेल्फवर काय केलं असतं? शेजारचा पॅक थोडा सरकवला असता. फोटोतही तेच करायचं. उजवीकडच्या पॅकच्या पलीकडे मोकळी जागा होती, तो पॅक सिलेक्ट करून ३० पिक्सेल उजवीकडे घेतला, म्हणजे प्रत्यक्षात १२ मिमी. एवढ्याने त्या पॅकचा बघण्याचा कोन अर्धा डिग्रीच बदलतो, डोळ्याला कळत नाही. शेजाऱ्याला सरकवणं परवडतं, बाटली आक्रसणं नाही परवडत.

तर स्केल झालं. ४५० पिक्सेलची बाटली जागेवर ठेवली. लहान वाटायची थांबली, पण चिकटवल्यासारखी अजून तशीच! आणि खरं प्रकरण इथून पुढे आहे.

पॅकशॉटकडे नीट बघितलं तर बाटलीच्या तळाची कड जवळजवळ सरळ रेषा होती. झाकणाचा वरचा भाग दिसतच नव्हता, उलट झाकणाची वरची कड अगदी किंचित वरच्या बाजूला फुगलेली, म्हणजे कॅमेरा झाकणापेक्षा खाली होता. पॅकशॉट असेच काढतात, कॅमेरा बाटलीच्या मध्यावर, लांबून, लांब लेन्सने, म्हणजे बाटली सरळ आणि ऐटदार दिसते. कॅटलॉगला ते छान. पण शेल्फच्या फोटोत फोन उभ्या माणसाच्या डोळ्याजवळ धरलेला आणि फळी त्याच्या बरीच खाली, म्हणजे तिथल्या प्रत्येक डब्याचं झाकण वरून दिसतंय आणि प्रत्येक गोल तळ खालच्या बाजूला चांगला पोट काढून वळलाय. त्यांच्यात ही एकच बाटली अशी की जिच्याकडे कुणीतरी खाली बसून समोरून बघतोय. सावली कितीही छान रंगवा, हे नाही लपत.

किती फरक आहे हे आकड्यात काढता येतं आणि त्यासाठी एकच रेष लागते, होरायझन. म्हणजे कॅमेऱ्याच्या उंचीची रेष. शेल्फच्या फोटोत ती शोधायला सोपी, कारण फळ्यांच्या ज्या कडा आत खोलीकडे जातात त्या सगळ्या एका बिंदूकडे धावतात. दोन-तीन कडांवर लाइन टूलने रेषा ओढून पुढे वाढवायच्या, जिथे एकमेकींना छेदतात त्या बिंदूतून आडवी रेष मारायची. ताडून बघायला अजून एक खूण आहे, होरायझनच्या वरच्या फळ्यांची खालची बाजू दिसते, खालच्या फळ्यांची वरची बाजू दिसते, आणि एखादी फळी नेमकी त्या उंचीला असेल तर नुसती तिची कड दिसते. आमच्या फोटोत रेष आली वरून १५०० पिक्सेलवर, म्हणजे बरोब्बर मध्ये, याचा अर्थ फोन सरळ धरला होता, वर-खाली वाकवला नव्हता. उभ्या पट्ट्याही एकमेकींना समांतर होत्या, त्यामुळे खात्री पटली. (फोटो कापलेला असेल तर रेष मध्ये येणार नाही, म्हणून मध्य गृहीत धरू नका, शोधाच.)

जुन्या बाटलीच्या तळाचा मध्य होता २५०० वर. म्हणजे होरायझनपासून १००० पिक्सेल खाली, आणि आपल्या पट्टीने ४०० मिमी. थोडक्यात कॅमेरा फळीपासून ४०० मिमी वर होता. आता अंतर हवं. त्यासाठी फोटोच्या एक्झिफमधून लेन्सची माहिती काढली:

```
exiftool -FocalLengthIn35mmFormat -ImageSize shelf.jpg
```

उत्तर आलं २६ मिमी. हा आकडा पिक्सेलमध्ये न्यायचा तर फुल फ्रेमच्या कर्णाने, म्हणजे ४३.२७ मिमीने भागायचं आणि फोटोच्या कर्णाने गुणायचं. ४००० बाय ३००० चा कर्ण ५०००, त्यामुळे उत्तर जवळपास ३००० पिक्सेल. आणि मग अंतर म्हणजे ३००० भागिले २.५, १२०० मिमी. सव्वा मीटरच्या आत उभं राहून काढलेला फोटो, शेल्फकडे बघूनही तेच वाटत होतं.

आता तळाचं लंबवर्तुळ. आडवी ठेवलेली कुठलीही गोल गोष्ट फोटोत चपटी दिसते, आणि किती चपटी, म्हणजे उंची भागिले रुंदी, ते साधारण असं येतं:

```
ratio = (px below horizon) / (focal length in px)
```

तळासाठी १००० भागिले ३०००, म्हणजे ०.३३. रुंदी २१२, तर लंबवर्तुळाची उंची ७० च्या आसपास, आणि त्यातला पुढचा अर्धा भाग आपल्याला दिसतो, म्हणजे तळाची कड मधोमध ३५ पिक्सेल खाली झुकायला हवी. पॅकशॉटमध्ये तीच कड मोजली तर ह्या साइजला जेमतेम ५ पिक्सेल झुकत होती. ३५ च्या जागी ५. चिकटवल्यासारखं दिसण्याचं कारण ते हेच, आणि हे क्लायंटला दोन रेषा काढून दाखवलं की वाद संपतो.

गणित नको असेल तर शेजारच्या गोल डब्याचं झाकण मोजा, उंची भागिले रुंदी, पण ते झाकण तुमच्या बाटलीच्या ज्या भागाशी ताडताय त्याच लेव्हलला असलं पाहिजे. कारण हा आकडा बाटलीभर एकच नसतो. तळाशी ०.३३, लेबलच्या मध्यावर, म्हणजे ९० मिमी वर, ०.२६ आणि झाकणाच्या वर ०.१८. जितकं होरायझनच्या जवळ तितकं चपटं. इथेच वार्प वापरणारे फसतात, ते अख्ख्या बाटलीला एकसारखा बाक देतात आणि मग तळ बरोबर दिसतो तर झाकण वाटीसारखं दिसतं.

मग वार्पने करायचं की नवा रेफरन्स काढायचा? वार्पने तळाचा बाक आणि लेबलच्या ओळींचा बाक आणता येतो, वर कमी आणि खाली जास्त असा. पण झाकणाचा वरचा भाग पॅकशॉटमध्ये दिसतच नाही, तो कुठून आणणार. झाकण साधं एकरंगी असेल तर २०-२२ पिक्सेलचं लंबवर्तुळ रंगवून भागतं, मी पण रंगवलंय कधीकधी. या झाकणावर उठावाचा लोगो होता. त्यामुळे मी सरळ बाटलीच मागवली आणि रेफरन्स नव्याने काढायचं ठरवलं. स्टुडिओ वगैरे लागत नाही, एक टेबल आणि ट्रायपॉड पुरतो, फक्त कॅमेरा योग्य जागी हवा.

जागा तर आपण काढलीच आहे. लेन्सचा मध्य टेबलापासून ४०० मिमी वर, बाटलीच्या मध्यापासून १२०० मिमी मागे. आणि तिसरी गोष्ट जी बहुतेक जण सोडून देतात, बाजूचं अंतर. शेल्फच्या फोटोत बाटली मध्यापासून ५०० पिक्सेल डावीकडे होती, म्हणजे २०० मिमी. तर टेबलावरही कॅमेरा बाटलीच्या २०० मिमी उजवीकडे न्यायचा, पण बाटलीकडे वळवायचा नाही, समोरच बघत ठेवायचा. बाटलीचं लेबल पण समोर, जणू ती फळीच्या कडेला काटकोनात उभी आहे. यामुळे लेबल साडेनऊ डिग्रीने वळलेलं दिसतं आणि त्याचा मध्य बाटलीच्या मध्यापेक्षा सतरा-अठरा पिक्सेल डावीकडे येतो. शेजारच्या सगळ्या पॅकची लेबलं अशीच थोडी डावीकडे सरकलेली होती, आणि पॅकशॉटमधलं मात्र एकदम कॅमेऱ्याकडे तोंड करून बसलेलं.

लेन्स तीच हवी का, हा प्रश्न हमखास येतो. नाही. पर्स्पेक्टिव्ह ठरतो कॅमेरा कुठे उभा आहे त्यावर, लेन्स फक्त किती भाग कापून घ्यायचा ते ठरवते. मी फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ३५ मिमी लावली, कॅमेरा उभा धरून. ५० मिमीने पण जमलं असतं पण बाटलीचा तळ फ्रेमच्या अगदी खालच्या कडेला टेकला असता, कारण कॅमेरा सरळ ठेवायचाय आणि बाटली नजरेच्या बरीच खाली आहे. त्याहून लांब लेन्स घेतली तर कॅमेरा खाली वाकवावा लागतो, मग उभ्या कडा खाली निमुळत्या होतात आणि त्या ट्रान्सफॉर्मने सरळ करत बसावं लागतं. होतं तेही, पण उगाच कशाला. फ्रेममध्ये बाटली खाली कोपऱ्यात आणि वर अर्धा फोटो रिकामा, बघायला विचित्र वाटतं, पण ते तसंच हवंय.

प्रकाश शेल्फवर वरून-समोरून येत होता, सावली बाटलीच्या मागे आणि किंचित खाली पडत होती, तसाच एक सॉफ्ट लाइट वर लावला. यावर जास्त लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे.

नव्या रेफरन्समध्ये बाटली ८७५ पिक्सेल उंच आली, हवी होती ४५०, म्हणजे साधारण ५१ टक्क्यांवर आणली. रेफरन्स नेहमी मोठा असावा आणि खाली आणावा, लहान ओढून मोठा केला की शेजारच्या पॅकपेक्षा मऊ दिसतो. स्मार्ट ऑब्जेक्ट करून एकदाच स्केल केलं, रुंदी-उंचीची साखळी लॉक ठेवून. आणि इथेच खात्री पटते की कॅमेरा जागेवर होता, कारण उंची ४५० केल्यावर रुंदी आपोआप २१२ आली आणि तळाचा बाक ३५ ला दोन-तीन पिक्सेल कमीजास्त. डिस्टॉर्ट, वार्प काहीच लागलं नाही. जर उंची बसवल्यावर बाक जुळत नसेल तर बाटली ओढाताण करून जुळवू नका, कॅमेऱ्याची उंची किंवा अंतर चुकलंय, परत फोटो काढा, पाच मिनिटांचं काम आहे.

ठेवायची कुठे यात पण एक बारकावा. दुकानात पॅक पुढच्या कडेला लावून ठेवतात, म्हणजे बाटल्यांची पुढची बाजू एका रेषेत असते, मध्य नाही. नवी बाटली जाड, म्हणून तिचा मध्य साडेसात मिमी मागे जातो. फोटोत तळाचा मध्य ६ पिक्सेल वर सरकतो आणि उंची ४५० ची ४४७ होते. एवढं मोजत बसायची गरज नाही, जुन्या बाटलीच्या तळाचा सगळ्यात खालचा बिंदू जिथे होता तिथेच नव्या बाटलीचा खालचा बिंदू टेकवायचा. हा बिंदू आमच्या फोटोत २५३० च्या आसपास होता.

जुनी बाटली पुसताना तिचा वरचा साधारण १०० पिक्सेलचा भाग उघडा पडतो कारण नवी बुटकी आहे. मागची पाटी आणि मागच्या ओळीतल्या पॅकची टोकं तिथे भरावी लागली. हे आधी करून एक स्वच्छ लेयर तयार ठेवला, बाटली नंतर. शेवटी तळाखाली दोन सावल्या, एक अगदी बारीक आणि गडद, तळाच्या बाकाला चिकटून, दुसरी पसरट आणि फिकी. बारीक सावली ३५ पिक्सेलच्या बाकाबरोबरच वळली पाहिजे, सरळ ब्रश मारला तर परत बाटली अधांतरी. थोडा ब्लर आणि फोटोतल्या इतका नॉइज रेफरन्सवर टाकला, फोनच्या फोटोपेक्षा तो फारच चकचकीत होता.

तपासायला मी जी एक गोष्ट करतो ती सांगतो, कारण तिला ना एक्झिफ लागतं ना अंतर. कॅमेरा फळीपासून ४०० मिमी वर आहे, म्हणून त्या फळीवर कुठेही, पुढे, मागे, कोपऱ्यात, तळापासून होरायझनपर्यंतचं अंतर म्हणजे ४०० मिमीच. १८० ची बाटली त्यातला ४५ टक्के भाग व्यापणार. तळ २५०० ला, होरायझन १५०० ला, तर माथा २०५० ला. बाटली पुढेमागे केली तरी ४५ टक्के बदलत नाही. शेजारच्या पॅकवर पण लावून बघितलं, २०० मिमीचा डबा बरोबर निम्म्यावर येत होता, म्हणजे होरायझन बरोबर धरलीये. होरायझनच चुकली असेल तर ती चूक इथे पकडली जाते, कारण वेगवेगळ्या अंतरावरचे पॅक वेगवेगळी टक्केवारी देऊ लागतात.

क्लायंटने पास केलं आणि लगेच म्हणाला, मागे अजून एक बाटली दाखव ना, स्टॉक भरलेला वाटेल. म्हणजे १५० मिमी मागे. साधारणपणे लोक तीच बाटली कॉपी करतात, जरा लहान करतात आणि सरळ वर सरकवतात. पण १३५० मिमी अंतरावर तळ येतो २३८९ ला, होरायझनपर्यंत ८८९ पिक्सेल उरतात, त्याचे ४५ टक्के म्हणजे ४०० पिक्सेल उंची. माथा १९८९ ला, म्हणजे पुढच्या बाटलीच्या डोक्यावरून साठेक पिक्सेल झाकण डोकावणार. आणि ती नुसती वर नाही जात, मध्याकडेही सरकते, ५०० च्या जागी ४४४ पिक्सेलवर, म्हणून पुढच्या बाटलीच्या उजव्या खांद्यामागून दिसणार, बरोबर मागून नाही. त्यासाठी परत फोटो काढला नाही. त्याच कटआउटला ८९ टक्के केलं, तळाचा बाक दोन-तीन पिक्सेल जास्त राहतो खरा, पण तळ पुढच्या बाटलीने आणि सरकवलेल्या पॅकने झाकलाच जातो. फक्त थोडी काळोखी वाढवली, कारण फळीच्या आत प्रकाश कमी पोचत होता.